वायर सोलताना तारा का कापल्या जातात? छिद्रावरचा आकडा आणि वायरचा आकडा

प्रश्न : मी सांगलीत घरगुती वायरिंगची कामे करतो. माझ्या स्ट्रिपरवर १.०, १.६, २.०, २.६ आणि ३.२ अशी छिद्रे आहेत. एकची वायर १.० मध्ये सोलली की दरवेळी दोन-तीन तारा कापल्या जातात. दीडची १.६ मध्ये कधी नीट निघते, कधी नाही. अडीचची २.६ मध्ये धरली तर इन्सुलेशन ओढल्यासारखे फाटते. स्ट्रिपर खराब आहे की माझा हात चुकतो? आणि कोणत्या वायरला कोणता स्ट्रिपर घ्यावा?

उत्तर :

आपण सांगितलेली तिन्ही लक्षणे एकाच कारणाकडे बोट दाखवतात, आणि ते कारण आपला हात नाही. आपल्या स्ट्रिपरवरचे आकडे छिद्राचा व्यास मिलिमीटरमध्ये सांगतात, तर वायरवर छापलेला आकडा तांब्याच्या छेदाचे क्षेत्रफळ चौरस मिलिमीटरमध्ये सांगतो. आपण बोलताना ‘दीडची’, ‘अडीचची’ असे म्हणतो आणि एकक गाळून टाकतो. त्यामुळे १.५ आणि १.६, किंवा २.५ आणि २.६ हे आकडे एकाच मापाचे वाटू लागतात. प्रत्यक्षात ती दोन वेगळी मापे आहेत. १.६, २.० आणि २.६ हे आकडे एकसंध, म्हणजे एकाच जाड तारेच्या वायरसाठी रूढ झालेले आहेत. जपानमध्ये घरगुती वायरिंगला आजही १.६ आणि २.० मिलिमीटर व्यासाची एकसंध तांब्याची तार वापरली जाते. आपल्याकडच्या घरांत मात्र बारीक तारांची लवचिक वायर असते, आणि तिच्यासाठी हे आकडे जसेच्या तसे चालत नाहीत.

हिशेब सोपा आहे. एक चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाची एकसंध तार घेतली तरी तिचा व्यास १.१३ मिलिमीटर भरतो, म्हणजे तीसुद्धा १.० च्या छिद्रात न खरचटता बसणार नाही. लवचिक वायरमध्ये तर गोल तारांच्या मधे मोकळी जागा राहते, म्हणून तेवढेच तांबे अधिक जागा घेते. आपल्या बाजारातील एकच्या वायरमध्ये सामान्यतः ०.३ मिलिमीटरच्या १४ तारा असतात आणि त्यांची जुडी सुमारे १.३ मिलिमीटर जाड होते. ती १.० च्या छिद्रात दाबली की पाती मिटताना बाहेरच्या थरातल्या दोन-चार तारा हमखास कापतात. दीडच्या वायरमध्ये अशा २२ तारा असतात आणि जुडी सुमारे १.६ मिलिमीटरची होते. म्हणजे छिद्र आणि तांबे अगदी बरोबरीचे. वायर सरळ धरली गेली तर ती नीट सुटते आणि किंचित कलली तर खरचटते. आपल्याला ‘कधी नीट, कधी नाही’ असा अनुभव येतो तो यामुळेच. अडीचच्या वायरमध्ये ३६ तारा आणि सुमारे २.१ मिलिमीटरची जुडी असते. ती २.६ मध्ये धरली की तांब्याभोवती पाव मिलिमीटर इन्सुलेशन न कापता शिल्लक राहते आणि ते ओढून तोडावे लागते. ते दिसायला वाईट दिसते, पण तांब्याला इजा होत नाही. हीच वायर २.० मध्ये धरली तर काप सुबक दिसेल आणि आत तारा कापलेल्या असतील. या दोन चुकांपैकी पहिली निरुपद्रवी आहे आणि दुसरी नाही, म्हणून शंका असेल तेव्हा मोठे छिद्र निवडावे.

चारच्या वायरची जुडी (५६ तारा) सुमारे २.६ आणि सहाच्या वायरची (८४ तारा) सुमारे ३.२ मिलिमीटर भरते. काही उत्पादक ०.३ ऐवजी आणखी बारीक तारा अधिक संख्येने वापरतात, त्यामुळे तारांची संख्या वेगळी आढळू शकते. जुडीचा व्यास मात्र याच्याच आसपास राहतो. छिद्र जुडीपेक्षा एक ते दोन दशांश मिलिमीटर मोठे असावे, असा माझा नियम आहे. आपल्याकडे आज जो स्ट्रिपर आहे त्यात एकची वायर १.६ मध्ये, दीडची २.० मध्ये, अडीचची २.६ मध्ये आणि चारची ३.२ मध्ये सोलावी. सहाची त्या स्ट्रिपरने सोलू नये, कारण ३.२ चे छिद्र तिच्या तांब्याच्या बरोबरीचे आहे. या निवडीत सगळीकडे थोडे इन्सुलेशन न कापलेले राहील. पाती धारदार असतील तर ते एका सरळ ओढीत तुटते, कारण एक आणि दीडच्या वायरचे इन्सुलेशन सुमारे ०.७ मिलिमीटर आणि अडीच, चार व सहाच्या वायरचे सुमारे ०.८ मिलिमीटर जाड असते, आणि त्यातला बराच भाग पाती कापून देतात.

दोन-तीन तारा कापल्या गेल्याने नेमके काय बिघडते, हे येथे स्पष्ट करायला हवे, कारण त्याबद्दल एक चुकीची समजूत पक्की आहे. वायर खाच पडलेल्या ठिकाणी ‘बारीक’ होते, म्हणून तेथे तापते आणि जळते, असे सांगितले जाते. प्रत्यक्ष हिशेब तसे सांगत नाही. एकच्या लवचिक वायरचा रोध किलोमीटरला जास्तीत जास्त १९.५ ओहम असतो, म्हणजे एका मिलिमीटर लांबीचा रोध ओहमच्या लाखाव्या भागाच्या दुपटीएवढा. त्यातून १० अँपिअर प्रवाह गेला तर त्या मिलिमीटरमध्ये एका वॅटच्या पाचशेव्या भागाएवढी उष्णता निर्माण होते. १४ पैकी तीन तारा तुटल्या तरी ही उष्णता सुमारे चारशेव्या भागापर्यंत वाढेल, आणि तीही दोन्ही बाजूंच्या तांब्यात लगेच पसरून जाईल. केवळ तेवढ्याने वायर जळत नाही.

खरे नुकसान यांत्रिक असते. तारेवर खाच पडली की वाकवताना पडणारा सगळा ताण त्या खाचेच्या टोकाशी एकवटतो. चांगली तार अनेक वेळा वाकवली तरी टिकते, पण खाच पडलेली तार एक-दोन वाकवण्यांत त्याच ठिकाणी तुटते. ही खाच नेमकी इन्सुलेशनच्या कडेशी असते, आणि स्विचबोर्डची प्लेट बसवताना किंवा वायर पेटीत दुमडताना सर्वांत तीव्र वळण तेथेच पडते. एक तार तुटली की तिचा भार शेजारच्यांवर येतो, आणि त्यांतही खाच असेल तर त्या पाठोपाठ जातात. शेवटी दोन-तीन तारा उरतात, त्या हलतात, तुटलेली टोके एकमेकांना मधूनमधून टेकतात आणि ठिणगी पडू लागते. तापणे सुरू होते ते या टप्प्यावर. तुटलेल्या तारा टर्मिनलमध्ये कमी भरल्याने स्क्रूची पकडही सैल होते, आणि सैल जोड हे तापण्याचे दुसरे, अधिक नेहमीचे कारण आहे.

माझ्या कामातले एक उदाहरण सांगतो. चिंचवडमधील एका गृहसंस्थेच्या पाण्याच्या पंपाचे पॅनेल मधूनच बंद पडत असे आणि थोड्या वेळाने आपोआप सुरू होत असे. मी जाण्यापूर्वी ओव्हरलोड रिले बदलून झाला होता, टाकीतला फ्लोट स्विच बदलून झाला होता, आणि पंपाच्या मोटारीवरही संशय घेऊन झाला होता. मी पुरवठा बंद करून, तपासणी दिव्याने खात्री करून, नियंत्रणाच्या सगळ्या वायर एकेक करून हलक्या हाताने ओढून पाहिल्या. काँटॅक्टरच्या कॉइलच्या टर्मिनलवरची एकची वायर हातात आली. तिच्या टोकाशी १४ तारांपैकी नऊ तारांची टोके काळपट होती, म्हणजे त्या केव्हाच तुटल्या होत्या. उरलेल्या पाच माझ्या ओढण्याने तुटल्या, म्हणून त्यांची टोके चकचकीत होती. सगळी टोके इन्सुलेशनच्या कडेला एका रेषेत होती. कॉइलचा प्रवाह इतका थोडा असतो की तेथे तापण्याचा प्रश्नच नव्हता, आणि टर्मिनलवर जळाल्याची खूणही नव्हती. काँटॅक्टर दरवेळी ओढला जाताना बसणारा धक्का आणि पंपाची कंपने एवढ्यानेच खाचा पडलेल्या तारा वर्षभरात एकेक करून तुटल्या होत्या.

पॅनेल ज्या लहान कारखान्यात तयार झाले होते तेथे मी नंतर गेलो. वायरिंग करणारा मुलगा हुशार आणि नीटनेटका होता, पण त्याच्या हातातला स्ट्रिपर आपल्यासारखाच होता आणि तो एकची वायर १.० मध्ये सोलत होता. त्याने सोललेली दहा टोके मी भिंगाखाली पाहिली. सात टोकांवर खाचा होत्या, आणि त्या प्रत्येक टोकावर समोरासमोरच्या दोन बाजूंना. आम्ही त्या पॅनेलमधली एकच्या वायरची सगळी टोके कापून, योग्य छिद्रात पुन्हा सोलून त्यांवर फेरूल, म्हणजे प्लास्टिकच्या गळ्याची धातूची छोटी नळी, दाबले. ज्या टोकांपाशी वायरची लांबी अपुरी पडली तेथे पूर्ण वायर बदलली. त्यानंतर पंप त्या कारणाने बंद पडला नाही.

खाचा कोठे पडल्या आहेत हे पाहिले तर चूक काय झाली ते कळते. दोन समोरासमोरच्या बाजूंना खाचा असतील तर छिद्र लहान आहे: दोन पाती मिटताना त्यांच्या सांध्यात बाहेरच्या तारा सापडतात. सगळ्या खाचा एकाच बाजूला असतील तर वायर पातीला काटकोनात नव्हती, किंवा तांबे इन्सुलेशनच्या मध्यभागी नाही. दुसरी शक्यता स्वस्त वायरमध्ये खरी ठरते. टोक आडवे कापून पाहिले की एका बाजूचे इन्सुलेशन जाड आणि दुसऱ्या बाजूचे पातळ असल्याचे डोळ्यांनी दिसते. खाचेऐवजी तारेच्या लांबीवर टोकापर्यंत ओरखडा गेलेला असेल, तर पाती तांब्याला टेकलेल्या अवस्थेतच ओढले गेले आहे, म्हणजे छिद्र जेमतेम बरोबरीचे आहे.

हे तपासायला दहापट मोठे दाखवणारे साधे भिंग आणि चांगला प्रकाश पुरेसा आहे. मात्र सोललेले टोक नुसते पाहून भागत नाही, कारण खाच बहुधा इन्सुलेशनच्या अगदी कडेशी, अर्धवट झाकलेली असते. म्हणून चाचणीसाठी तुकडा घ्यावा, नेहमीसारखे सोलावे, आणि मग उरलेले इन्सुलेशन एका बाजूने लांबीत चिरून हाताने मागे उलगडावे. तारा पंख्यासारख्या पसरून मोजाव्यात आणि कापाच्या रेषेवर प्रत्येक तार पाहावी. खाच आडव्या चमकदार रेषेसारखी दिसते. शंका असेल ती तार एकटी धरून दोन-तीनदा मागेपुढे वाकवावी. ती बरोबर त्या रेषेवर तुटली तर शंका राहत नाही. सोलून निघालेली इन्सुलेशनची नळीही फेकण्यापूर्वी पाहावी. तिच्यात तारेचे तुकडे अडकलेले असतील तर बाकी काही पाहण्याची गरज नाही.

किती खाचा चालतील, असे मला पुष्कळ जण विचारतात. घरातल्या एक आणि दीडच्या वायरवर मी एकही स्वीकारत नाही. १५ मिलिमीटर वायर कापून पुन्हा सोलण्याला अर्धा मिनिट लागतो, आणि म्हणूनच पेटीत वायरची लांबी सुरुवातीलाच हातभर मोकळी ठेवावी. लांबी कमी ठेवली की तुटलेल्या तारांसकट टोक टर्मिनलमध्ये घालण्याचा मोह होतो.

आता हाताच्या कामाबद्दल. वायर छिद्रात पातीला काटकोनात ठेवावी आणि मूठ पूर्ण मिटेपर्यंत एकदाच दाबावी. अर्धवट दाबून, सोडून, पुन्हा दाबल्यास दुसरा काप पहिल्याच्या किंचित बाजूला पडतो आणि कड फाटते. छिद्र गोल आणि योग्य मापाचे असेल तर दाबलेल्या अवस्थेत स्ट्रिपर किंचित डावी-उजवीकडे फिरवायला हरकत नाही. सांध्यापाशी न कापलेले इन्सुलेशन त्याने सुटते. इंग्रजी व्ही अक्षरासारख्या खाचेच्या स्ट्रिपरने मात्र कधीही फिरवू नये, कारण त्याची टोकदार कड तांब्यावर वर्तुळाकार खाच काढते. नंतर ओढताना वायरच्या रेषेतच ओढावे. पक्कड तिरकी करून उचकटल्यास पातीची एक कड तांब्यात रुतते.

लवचिक वायरच्या तारांना मुळात पीळ असतो. इन्सुलेशनची नळी पूर्ण बाहेर न काढता टोकाशी तीन-चार मिलिमीटर तशीच ठेवावी, मग ती बोटांत धरून पिळाच्या दिशेने अर्धा फेरा देत काढावी. तारा एकत्र राहतात, एकही बाहेर डोकावत नाही आणि तांब्याला बोट लागत नाही. उलट दिशेने पिळले तर जुडी सुटते आणि टर्मिनलमध्ये घालताना एखादी तार बाहेर राहते. किती लांबी सोलायची ते टर्मिनल ठरवते. बहुतेक मॉड्युलर स्विच आणि सॉकेट यांच्या मागे सोलण्याची लांबी कोरलेली असते, एमसीबीच्याही अंगावर किंवा सोबतच्या कागदावर ती दिलेली असते, आणि तीच पाळावी. ८ मिलिमीटर नळीचे फेरूल लावायचे असेल तर १० मिलिमीटर सोलावे, कारण प्लास्टिकच्या गळ्यात तांब्याचा थोडा भाग जातो. हा गळा इन्सुलेशनच्या कडेला आधार देतो आणि वळण तेथून मागे सरकवतो. कंपने असलेल्या पॅनेलमध्ये मी फेरूलचा आग्रह धरतो तो यासाठी.

स्ट्रिपरच्या निवडीकडे येतो. आपले काम मुख्यतः एक ते चारच्या वायरचे असेल, तर गोल छिद्रांचा आणि छिद्रांवर चौरस मिलिमीटरमध्ये आकडे असलेला स्ट्रिपर घ्यावा, म्हणजे मनातल्या मनात रूपांतर करावे लागत नाही. बाजारात अमेरिकन गेजचे आकडे असलेले स्ट्रिपरही पुष्कळ मिळतात, आणि त्यांत दुसरी फसगत असते. त्यांच्यावर बहुधा आकड्यांच्या दोन रांगा असतात, एक एकसंध तारेसाठी आणि एक अनेक तारांच्या वायरसाठी, आणि एकाच छिद्राला एका रांगेत १४ तर दुसऱ्या रांगेत १६ लिहिलेले असते. आपल्या कामासाठी अनेक तारांची रांग वाचावी. तीही आपल्या मापांशी तंतोतंत जुळत नाही: १४ गेज म्हणजे २.०८ चौरस मिलिमीटर आणि १२ गेज म्हणजे ३.३१, तर आपली अडीचची वायर या दोहोंच्या मधे पडते. तेव्हा तिच्यासाठी १२ चे, म्हणजे मोठे छिद्र घ्यावे.

छिद्रांवरचा आकडा कोणताही असो, नवीन स्ट्रिपर घेतल्यावर एक चाचणी करावी. वायरच्या तुकड्यावरचे इन्सुलेशन चाकूने लांबीत चिरून काढावे, उघडी जुडी पिळासह छिद्रात ठेवावी आणि पाती पूर्ण मिटवावी. जुडी आत सहज मागेपुढे सरकली पाहिजे. अडली तर ते छिद्र त्या वायरसाठी नाही, मग त्यावर काहीही लिहिलेले असो. ही चाचणी दुकानातच होते आणि मी स्ट्रिपर घ्यायला जाताना तीन मापांचे तुकडे खिशात घेऊन जातो.

स्क्रूने मर्यादा ठरवायचा व्ही खाचेचा स्ट्रिपर सर्वांत स्वस्त असल्याने बहुतेकांच्या पिशवीत तोच असतो. त्याने चांगले काम होत नाही असे नाही, पण वायरचे माप बदलले की दरवेळी स्क्रू हलवून तुकड्यावर तपासावे लागते, आणि घाईत ते कोणी करत नाही. एकाच मापाची शेकडो टोके सोलायची असतील तेव्हाच तो वापरावा.

रोज शंभरावर टोके सोलणाऱ्याने स्वतः जुळवून घेणारा स्ट्रिपर घ्यावा. त्याचा एक जबडा इन्सुलेशन पकडतो, दुसरा कापून मागे ढकलतो, आणि आतल्या थांब्यामुळे प्रत्येक टोक सारख्याच लांबीचे निघते. अर्धा ते सहा चौरस मिलिमीटरपर्यंत असे स्ट्रिपर साध्या पीव्हीसी वायरवर उत्तम चालतात. मात्र ‘स्वतः जुळवून घेणारा’ म्हणजे त्याला तांबे दिसते असे नव्हे. कापण्याची खोली यंत्रणेतील दाबावर ठरते, आणि इन्सुलेशन नेहमीपेक्षा मऊ, पातळ किंवा चिवट असेल तर अंदाज चुकतो. त्यावर खोली कमी-जास्त करण्याचा छोटा स्क्रू असतो. वायरचा उत्पादक किंवा प्रकार बदलला, उदाहरणार्थ साध्या पीव्हीसीवरून कमी धुराच्या किंवा हॅलोजनमुक्त वायरवर आलो, की तुकडा सोलून, उलगडून पुन्हा पाहावे. दुसरी गोष्ट, पकडणाऱ्या जबड्याला दाते असतात; ते मऊ इन्सुलेशनवर उमटतात. नुसते ठसे उमटले तर चालते, दाते आत रुतून चीर पडली असेल तर तो स्ट्रिपर त्या वायरला वापरू नये. सौर पॅनेलच्या चार आणि सहाच्या डीसी केबलसाठीही हा स्ट्रिपर वापरू नये. तिला दोन थरांचे जाड, चिवट वेष्टन असते, म्हणून तिच्यासाठी अर्धगोल पात्यांचा वेगळा स्ट्रिपर मिळतो तोच घ्यावा.

सहाच्या वायरसाठी तिच्या मापाचे छिद्र असलेला मोठा स्ट्रिपर असल्यास उत्तम. दहा आणि त्यापुढच्या वायरसाठी मी चाकूच वापरतो, पण आडवा नाही. वायरभोवती चाकू फिरवून गोल काप घेणे ही तारा कापण्याची खात्रीची पद्धत आहे. त्याऐवजी पाते वायरला जवळजवळ समांतर ठेवून, पेन्सिल सोलताना ठेवतो त्याहूनही आडवे करून, इन्सुलेशनची एक पट्टी टोकाकडे सोलत न्यावी. तांबे दिसू लागले की उरलेले इन्सुलेशन हाताने तांब्यापासून उलट दुमडावे आणि बाहेरच्या बाजूने कापून टाकावे. पाते कोठेही तांब्यावर आडवे टेकत नाही.

एसीसाठी किंवा पंपासाठी वापरतात त्या गोल, तीन गाभ्यांच्या केबलचे बाहेरचे आवरण हा वेगळा विषय आहे. तेथे धोका तारांना नसून आतल्या वायरच्या इन्सुलेशनला असतो. आकडीच्या पात्याचे, खोली ठरवता येणारे आवरण-कटर त्यासाठी मिळते. खोली आवरणाच्या जाडीपेक्षा थोडी कमी ठेवावी, गोल फिरवून काप घ्यावा आणि मग केबल त्या जागी वाकवावी. उरलेला पातळ थर आपोआप तडकतो. आतल्या वायरवर पांढुरकी रेघ दिसली तर पाते खोल गेले आहे.

जुन्या घरांत काम करताना ‘तीन-वीस’ किंवा ‘सात-वीस’ वायर भेटते. तिच्या तारा वीस गेजच्या, म्हणजे ०.९१ मिलिमीटर जाड असतात आणि सात तारांची जुडी सुमारे २.७ मिलिमीटरची होते, म्हणून आपल्या स्ट्रिपरमधले ३.२ चे छिद्र तिला योग्य आहे. सातपैकी एक तार गेली तर सातवा हिस्सा तांबे गेले, आणि जाड तारेवरची खाच वाकवताना लवकर तुटते. तीच वायर ॲल्युमिनियमची असेल तर आणखी सांभाळावे लागते, कारण खाच पडलेले ॲल्युमिनियम पहिल्याच वळणाला तुटू शकते. शिवाय इतक्या वर्षांनी इन्सुलेशन कडक झालेले असते आणि ओढण्याऐवजी तडकते. तेथे छोटे-छोटे तुकडे करून, प्रत्येकी पाच-सहा मिलिमीटर सोलत जाणे बरे.

शेवटी आपल्या स्ट्रिपरच्या धारेबद्दल. आपण अडीचच्या वायरचे इन्सुलेशन ‘ओढल्यासारखे फाटते’ असे लिहिले आहे. पाव मिलिमीटर उरलेले पीव्हीसी धारदार पातीने सोलताना थोडे पांढरे पडून तुटायला हवे. ते ताणले जाऊन शेपूट सुटत असेल तर पाती बोथट झाल्या आहेत. पाती मिटवून दिव्यासमोर धराव्यात. छिद्राच्या बाजूला दोन पातींमध्ये प्रकाशाची रेघ दिसली तर त्या तेथे झिजल्या किंवा वाकल्या आहेत. स्ट्रिपरच्या कटरने लोखंडी तार किंवा खिळा कापला की हे हमखास होते. अशा स्ट्रिपरने काम अडले की माणूस आपोआप लहान छिद्राकडे वळतो आणि तारा कापल्या जाऊ लागतात, म्हणून पाती बदलता येत नसतील तर तो स्ट्रिपर बदलावा.